विमानातील चार मिनिटे: पहिल्या उड्डाणाच्या भीतीसाठी गाणी कशी निवडावीत

विमान धावपट्टी सोडून वर चढू लागले की पाऊणएक मिनिटाच्या आत इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात खड्डा पडल्यासारखे होते. पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला त्या क्षणी खात्रीच वाटते की इंजिन बंद पडले. प्रत्यक्षात वैमानिकाने उड्डाणासाठी लागणारी जास्तीची ताकद नेहमीच्या पद्धतीनुसार कमी केलेली असते. जमिनीपासून साधारण एक ते दीड हजार फुटांवर हे केले जाते आणि विमान तेव्हाही वरच चढत असते, फक्त चढण्याचा जोर थोडा कमी होतो. आपल्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला मात्र वेगातला बदल तेवढा कळतो. 'कमी वेगाने वर' आणि 'खाली' यांतला फरक डोळ्यांसमोर क्षितिज नसताना तिला सांगता येत नाही.

हा क्षण आधी सांगितला, कारण विमानात कोणती गाणी ऐकावीत हा प्रश्न खरे तर कोणत्या क्षणी काय ऐकावे असा आहे. 'मन शांत करणारी गाणी' म्हणून बासरी, पाऊस आणि लाटा यांच्या याद्या सर्वत्र मिळतात. त्या वाईट नसतात, पण घरच्या खोलीतील शांततेसाठी केलेल्या असतात. उड्डाण, हेलकावे आणि उतरण्यापूर्वीची प्रतीक्षा या तीन वेळी भीती तीन वेगळ्या वाटांनी येते. त्यामुळे गाण्याकडून करून घ्यायचे कामही तीन प्रकारचे असते.

माझी धाकटी मावशी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसणार होती, तेव्हा तिच्यासाठी मी अशी यादी केली. तिच्या शेजारच्या आसनावर मीच होतो, म्हणून ती यादी कुठे उपयोगी पडली आणि कुठे फसली हे मला जवळून पाहता आले.

आधी आवाजाविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिथेच पहिली चूक होते. उड्डाण स्थिर झाल्यावर प्रवासी विमानाच्या आत साधारण ८० ते ८५ डेसिबल इतका आवाज असतो आणि त्यात खर्जातील घरघर सर्वांत जास्त असते. खर्जातील मोठा आवाज इतर हळू आवाज गिळून टाकतो. गाण्यातील मंद्र स्वर, तंबोऱ्याची आस, हळुवार सुरुवात, दोन कडव्यांमधला नाजूक वाद्यमेळ हे सारे त्यात बुडते. मग माणूस आवाज वाढवतो, पुढच्याच क्षणी मूळ गाण्यातला मोठा भाग येतो आणि तो कानावर आदळतो. मोठा आवाज अनपेक्षित आला की नाडी वाढते, मग तो कितीही सुरेल असो. म्हणून विमानासाठी निवडायच्या गाण्यात आवाजाची चढउतार कमी असावी आणि मधल्या पट्टीतील मानवी गळा पुढे असावा, कारण घरघरीतूनही तोच सर्वांत नीट ऐकू येतो. बाहेरचा आवाज कमी करणारे हेडफोन असतील तर ही अडचण बरीच हलकी होते. ते नेमकी सततची खर्जातील घरघर कापतात, माणसांचे बोलणे आणि केबिनमधील घंटी मात्र बऱ्यापैकी आत येऊ देतात. ती 'टिंग' ऐकून घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा एखाद्या प्रवाशाने बोलावलेले असते किंवा कर्मचारी एकमेकांना निरोप देत असतात.

आता उड्डाण. इथे भीती शरीरातून येते. नाडी धावते, श्वास वरवर आणि भरभर होतो, तळहात ओले होतात. अशा वेळी थेट अतिशय संथ गाणे लावले तर बहुतेकांना ते सोसत नाही, कारण आतली घाई आणि बाहेरची संथ लय यांचा मेळच बसत नाही. १९४०च्या दशकात आयरा आल्टशूलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने संगीतोपचारासाठी एक साधे तत्त्व मांडले. रुग्णाची त्या वेळची मनःस्थिती असेल तिथून संगीत सुरू करावे आणि मग त्याला हळूहळू हव्या त्या स्थितीकडे न्यावे. विमानात हे सहज जमते, कारण दार बंद होण्यापासून धावपट्टीवर पोहोचेपर्यंत बहुधा पुरेसा वेळ मिळतो. सुरक्षेच्या सूचना चालू असताना कान मोकळे ठेवावेत आणि त्या संपल्यावर पहिले गाणे लावावे. ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोक्यांचे, चालण्याच्या लयीतले, ओळखीचे असावे. दुसरे नव्वदीच्या आत असावे. तिसरे, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणाचे गाणे, बाहत्तरच्या जवळपास असावे.

लय मोजायला यंत्र लागत नाही. गाण्यावर जिथे आपसूक टाळी पडते तिथे टाळी देत पंधरा सेकंद मोजावे आणि येईल त्या आकड्याला चाराने गुणावे. अठरा टाळ्या पडल्या की मिनिटाला बाहत्तर झाल्या.

बाहत्तरच का, याचे उत्तर श्वासात आहे. मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले आणि त्यात श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांब ठेवला, तर नाडी मंदावायला मदत होते, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके स्वभावतःच किंचित सावकाश पडतात. बाहत्तरच्या लयीत बारा मात्रांना बरोबर दहा सेकंद लागतात. म्हणजे चार मात्रांत श्वास आत, आठ मात्रांत बाहेर, असे केले की मिनिटाला नेमके सहा श्वास होतात आणि घड्याळाकडे पाहावे लागत नाही. गाणे साठ किंवा ऐंशीच्या लयीचे असले तरी काही बिघडत नाही, श्वासांची संख्या पाच ते सातच्या दरम्यानच राहते. आठ मात्रा श्वास सोडत राहणे सुरुवातीला जड जाते. त्यावर उत्तम उपाय म्हणजे श्वास सोडताना तोंड मिटून गुणगुणणे. स्वर धरला की श्वास आपोआप जपून सुटतो. धावपट्टीवरील आवाजात शेजाऱ्याला ते ऐकू येण्याची शक्यता नसते. मावशी माझ्यापासून वीतभर अंतरावर गुणगुणत होती, पण मला कळले ते तिची हनुवटी थरथरताना दिसली म्हणून.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. घाबरलेला माणूस 'दीर्घ श्वास घ्या' हे ऐकून पोटभर आणि भराभर श्वास घेऊ लागतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. हे झाले की माणूस आणखी घाबरतो. मुंग्या आल्या तर श्वास आणखी खोल घेऊ नये, उलट लहान घ्यावा आणि सोडण्यावरच लक्ष ठेवावे.

उड्डाणाचे गाणे कधी सुरू करावे, हे ठरलेले असले की फार बरे पडते. विमान धावपट्टीच्या तोंडाशी वळूनही कधी कधी थांबून राहते, म्हणून वळताच गाणे लावण्याची घाई करू नये. इंजिनाचा आवाज चढला आणि पाठ आसनाला टेकू लागली की लावावे. तिथून साधारण पाऊण मिनिटाच्या आत चाके जमीन सोडतात. थोड्याच वेळात खालून एक धप्प आवाज येतो, ती चाके पोटात घेतल्याची खूण असते. मग सुरुवातीला सांगितलेला तो आवाज उतरण्याचा क्षण येतो. गाण्याच्या हिशेबाने धृपद आणि पहिले कडवे होईपर्यंत हे सगळे उरकलेले असते. मावशीला मी एवढेच सांगितले होते, "पहिल्या कडव्याच्या आसपास इंजिन हळू होईल, तेव्हा तू फक्त दुसऱ्या कडव्याची वाट बघ." नंतर तिने सांगितले की आवाज उतरला तेव्हा तिला भीतीआधी 'आला वाटतं' असे वाटले. अपेक्षित धक्का आणि अनपेक्षित धक्का यांत शरीराच्या दृष्टीने फार फरक असतो, आणि गाण्याचा उपयोग इथे मन रमवण्यापेक्षा वेळेवर खुणा करून ठेवण्यासाठी जास्त होतो.

यादी फसली ती याच्या पुढे. फोनवर गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याची सोय चालू राहिली होती आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते. उड्डाणाचे गाणे संपताच तिच्या जुन्या संग्रहातील ढोलाचा दणका असलेले एक गाणे सुरू झाले. तिने दचकून दोन्ही इअरफोन ओढून काढले. त्यानंतर पाच-सात मिनिटे तिने ते पुन्हा घातले नाहीत. त्यामुळे क्रम बदलण्याची सोय बंद आहे ना, यादी संपल्यावर फोन आपल्या मनाने दुसरे काही वाजवत नाही ना आणि गाणी फोनमध्ये उतरवून ठेवली आहेत ना, या तीन गोष्टी घरीच फ्लाइट मोड चालू करून तपासाव्यात. इंटरनेट बंद झाल्यावर यादीतील अर्धी गाणी मुकी झाल्याचे विमानात कळणे फार त्रासाचे असते.

हेलकाव्यांच्या वेळी वरची श्वासाची युक्ती बहुधा चालत नाही. दर धक्क्याला श्वास तुटतो, मोजणी चुकते आणि चुकल्याचीच भीती वाटू लागते. इथे भीतीचे मूळही वेगळे असते. धक्के अनियमित असतात आणि दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात मन बोलू लागते. पुढचा मोठा असेल का, पंख वाकतोय का, हा आवाज कसला, असे ते स्वतःशीच वाक्यांत बोलत असते. चिंता बहुतांशी शब्दांत चालते, म्हणून तिला अडवायलाही शब्दच लागतात. आपण दूरध्वनीचा क्रमांक मनात घोळवत असताना कोणी बोलू लागले की क्रमांक विसरतो, कारण शब्द धरून ठेवणारी मनातील जागा लहान असते आणि तिथे दोन गोष्टी एकाच वेळी मावत नाहीत. हीच अडचण इथे आपल्या उपयोगी पडते.

त्यामुळे हेलकाव्यांसाठी वाद्यसंगीत टाळावे आणि आपल्या भाषेतील, पाठ असलेले, भरपूर शब्दांचे गाणे घ्यावे. लय थोडी चढी असली तरी चालते. नुसते ऐकत बसण्याऐवजी गायकाच्या आधी अर्धा क्षण पुढची ओळ मनात म्हणावी, ओठ हलले तर हलू द्यावेत. ओळ आठवून वेळेवर म्हणणे हे पुरेसे गुंतवणारे काम आहे. शब्द अर्धवट येत असलेले गाणे घेऊ नये, कारण अडखळले की मोकळी जागा मिळते आणि तिथे पुन्हा पंखाचा विषय निघतो. नवीन गाणे तर नकोच. मावशीने तिला पंचवीस-तीस वर्षे पाठ असलेली तीन गाणी निवडली होती आणि एकदा धक्का बसताच तिने माझा हात धरला तरी तिचे ओठ थांबले नाहीत.

सौम्य हेलकाव्यांत विमानाची उंची फार थोडी बदलते, पण शरीराला ते मोठ्या घसरणीसारखे भासते. वैमानिक अशा वेळी वेग कमी करतात, म्हणून इंजिनाचा आवाज बदलू शकतो. पट्टा कमरेला घट्ट बांधणे हे मात्र कोणत्याही गाण्याच्या आधीचे काम आहे. सूचना सुरू झाली तर एक कान मोकळा करून ती ऐकावी. कर्मचाऱ्यांनी हेडफोन काढायला सांगितले तर काढावेत. काही विमानसेवा उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी डोक्यावरून येणारे मोठे हेडफोन चालू देत नाहीत.

तिसरा टप्पा सर्वांत लांब आणि माझ्या मते सर्वांत कमी समजला गेलेला आहे. उतरणे सुरू होते ते जमिनीवर टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी. इंजिने जवळजवळ गप्प होतात आणि त्या शांततेनेच अनेकांना धास्ती वाटते. मध्येच पंखावरील पाट्या उघडून वेग कमी केला जातो, तेव्हा सारे विमान थरथरते. या अर्ध्या तासात भीती धक्क्यासारखी येत नाही, ती साचत जाते. त्यात खाली धावपट्टी मोकळी नसेल तर विमान आकाशात घिरट्या घालत थांबते आणि कधी उतरणार हे कोणी सांगत नाही, असे प्रवाशाला वाटते.

या घिरट्यांचे एक गणित आहे आणि ते गाण्यांशी विलक्षण जुळते. वाट पाहणारे विमान धावण्याच्या मैदानासारख्या लांबट गोलात फिरते. १४,००० फूट किंवा त्याखाली एक सरळ बाजू साधारण एक मिनिटाची असते. टोकाला अर्धे वळण घ्यायला, सेकंदाला तीन अंशांच्या नेहमीच्या गतीने, आणखी एक मिनिट लागते. दोन सरळ बाजू आणि दोन वळणे मिळून चार मिनिटे होतात. वाऱ्यामुळे थोडा फरक पडतो आणि त्याहून जास्त उंचीवर सरळ बाजू दीड मिनिटाची असल्याने एक फेरी पाच मिनिटांची होते. म्हणजे एक फेरी आणि एक गाणे यांची लांबी जवळजवळ सारखीच. खिडकीतून ऊन येत असेल तर ते दर फेरीला केबिनमधून सरकत पुन्हा त्याच जागी येते. मावशीच्या समोरच्या ट्रेवर, तो मिटून घ्यायला सांगेपर्यंत, उन्हाचा पट्टा दोनदा येऊन गेला आणि तिने ते गाण्यांवर मोजले. तिसरे गाणे अर्ध्यावर असताना पट्टा परतलाच नाही, विमान सरळ निघाले होते. 'किती वेळ' या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले नव्हते, पण वेळ तुकड्यांत मोजता येत होता. इंधनाची काळजी वाटत असेल तर इतके माहीत असावे की जेट विमानाला ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्यापुरते आणि गरज पडल्यास पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते इंधन घेऊन, त्याशिवाय शेवटची राखीव म्हणून आणखी अर्ध्या तासाचे इंधन घेऊनच निघावे लागते.

या टप्प्यासाठी गाण्यांची अखंड माळ लावू नये. दोन गाण्यांच्या मध्ये मिनिट-दोन मिनिटांची शांतता ठेवावी. हे सुचवण्याला आधार आहे. इटलीतील पाव्हिया विद्यापीठातील लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली 'हार्ट' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. चोवीस जणांना, त्यांतील निम्मे संगीत शिकलेले, सहा प्रकारचे संगीत ऐकवून त्यांचा श्वास, रक्तदाब आणि नाडी मोजली. लय जलद झाली की श्वास आणि नाडीही वाढत होती. खरी गंमत मध्ये घातलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत दिसली. त्या वेळी नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीच्या पातळीपेक्षाही खाली गेले. संगीताने धरून ठेवलेले लक्ष सुटते तेव्हा शरीर सैलावते, असा त्याचा अर्थ लावता येतो. हा अभ्यास प्रयोगशाळेतला, विमानातला नव्हे. तरी अर्धा तास कानात सतत काही वाजत ठेवून माणूस दमतो, हे कोणालाही पटेल. हेलकाव्यांत मात्र ही शांतता नको, तिथे ती चिंतेला बोलायला जागा देते.

उतरताना कानाचाही विचार करावा लागतो. केबिनमधील हवेचा दाब वाढत जातो, कान बंद होतात, गाणे लांबून आल्यासारखे वाटते आणि माणूस आवाज वाढवतो. मग गिळताना कान एकदम मोकळा होतो आणि तेच गाणे दणदणते. म्हणून उतरणे सुरू होताच आवाज एक पायरी कमी करावा आणि तो पुन्हा वाढवू नये. कानात घट्ट बसणारे इअरफोन असतील तर गिळताना किंवा जांभई देताना ते क्षणभर सैल करावेत. शेवटची काही मिनिटे उरली की चाके बाहेर येतात, मोठा धप्प आवाज होतो आणि वाऱ्याचा घोंघाट वाढतो. तिथून पुढे मी तरी गाणे बंदच करायला सांगतो. टेकल्यावर इंजिनांचा जो मोठा उलटा गजर होतो तो थांबण्यासाठीच असतो, हे आधी सांगून ठेवले म्हणजे पुरे.

या साऱ्याला मर्यादा आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीच्या रुग्णांची चिंता संगीत ऐकल्याने कमी होते, असे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ सालच्या आढाव्यात दिसले, पण ती सामान्य चिंता होती. विमानाच्या नुसत्या विचाराने आदल्या रात्री झोप उडणे, दार बंद होताच गुदमरणे, प्रवास रद्द करणे असे होत असेल तर ते गाण्यांच्या यादीने भागणारे काम नाही. त्यासाठी प्रवासाच्या पुरेसे आधी तज्ज्ञाला भेटावे.

शिवाय गाण्यांना तयारी लागते. उड्डाणाचे गाणे निदान दोन आठवडे आधीपासून रोज रात्री, अंथरुणात, त्याच चार-आठच्या श्वासासह ऐकावे, म्हणजे ते सुरू होताच शरीराला सैल होण्याची सवय आठवते. हा संबंध उलटाही जडू शकतो, म्हणून जिवाभावाचे, एखाद्या आठवणीशी बांधलेले गाणे विमानात नेऊ नये. मावशीने हा सल्ला ऐकला नाही आणि उड्डाणासाठी तिचे सर्वांत आवडते गाणे घेतले. परतीच्या प्रवासातही ते छान चालले. घरी मात्र ती ते आता लावत नाही, कारण धृपद सुरू झाले की कानांत दडे बसल्यासारखे वाटते आणि ती नकळत आवंढा गिळते.